या चुका टाळा: दहावीच्या बीजगणिताची उजळणी घरी घेणाऱ्या पालकांना पत्र

नमस्कार,

पहिल्या सत्राच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ परवा टाकली आणि तासाभरात तीन पालकांचे फोन आले. प्रश्न एकच होता: "सर, हे नक्की किती आहे, आणि घरी आम्ही काय करायचं?" म्हणून हे सविस्तर पत्र.

या सत्रात गणित भाग १ मधली, म्हणजे बीजगणिताची, पहिली तीन प्रकरणं पूर्ण होतील: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी. चौथ्या अर्थनियोजनातला फक्त जीएसटीचा भाग घेणार आहे, शेअर्स पुढच्या सत्रात. तुमच्या मुलाच्या शाळेचा क्रम थोडा वेगळा असू शकतो. घटक चाचणीआधी शाळेचा पोर्शन वहीवर लिहून आणायला सांगा.

पीडीएफ वाचताना होणारी पहिली चूक म्हणजे चारही ओळी सारख्याच वजनाच्या समजणं. जीएसटीला आठवडा पुरतो. वर्गसमीकरणांना तीन आठवडेही कमी पडतात, कारण तिथे आठवीनववीतलं अवयव पाडणं कच्चं असेल तर ते उघडं पडतं. तेव्हा "रोज एक प्रकरण" असं वेळापत्रक भिंतीवर लावू नका.

आता मुख्य मुद्दा. घरी बहुतेक उजळणी उत्तरसूचीवर चालते. मूल गणित सोडवतं, पुस्तकाच्या मागचं उत्तर बघतं, जुळलं की टिक करतं. नाही जुळलं की खोडरबर घेतं, गाईडातली रीत बघून उतरवतं आणि परत टिक. गेल्या वर्षी एका आईने रात्री साडेदहाला मला वहीचे फोटो पाठवले. सरावसंच अख्खा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला त्यातलंच एक उदाहरण कोऱ्या कागदावर दिलं, तर तिसऱ्या ओळीत अडकली. फोटो नीट बघितला तर त्या ठिकाणी खोडलेल्याचा करडा डाग होता. चूक कुठे होत होती, ते त्या डागाखाली गेलं होतं.

क्रेमरच्या पद्धतीचं एक उदाहरण घेऊन सांगतो. समीकरणं अशी आहेत:

3x − 2y = 4
2x = 7 − 3y

पहिली अडचण इथेच. दुसरं समीकरण आधी 2x + 3y = 7 असं मांडून घ्यायला हवं. तसं न करता मूल −3 हाच सहगुणक धरून पुढे जातं. मांडणी नीट केली की निश्चयक येतो:

D = (3 × 3) − (−2 × 2) = 9 + 4 = 13

मुलं इथे सर्रास 9 − 4 = 5 लिहितात. कंसातलं ऋण चिन्ह आणि सूत्रातलं वजा, ही दोन चिन्हं वेगळी आहेत हे घाईत निसटतं. बरोबर सोडवलं तर Dx = 12 + 14 = 26 आणि Dy = 21 − 8 = 13, म्हणून x = 2, y = 1. चिन्ह चुकलेल्या वहीत Dx = 12 − 14 = −2 आणि x = −2/5 असं काहीतरी दिसेल.

तुम्हाला निश्चयक आठवत नसेल तरी चालेल. आलेल्या किमती मूळ समीकरणांत ठेवायला सांगा. 3 × 2 − 2 × 1 = 4, जुळलं. 2 × 2 = 4 आणि 7 − 3 = 4, तेही जुळलं. दोन्ही समीकरणांत करायला सांगा, एकात जुळून दुसऱ्यात बिनसू शकतं. हा ताळा जमला की मागची उत्तरसूची लागतच नाही, आणि परीक्षेत ती नसतेच.

हीच चिन्हाची चूक वर्गसमीकरणात विवेचक काढताना परत येते. x² − 5x + 6 = 0 मध्ये b = −5, म्हणून b² − 4ac = 25 − 24 = 1. मूल −5² लिहून −25 − 24 = −49 करतं आणि "मुळे वास्तव नाहीत" असं ठोकून देतं. गंमत म्हणजे त्याच पानावर वर त्याने अवयव पाडून 2 आणि 3 ही मुळं काढलेली असतात! ऋण संख्या सूत्रात ठेवताना कंस घातलाच पाहिजे, एवढंच तुम्ही वहीत बघा.

श्रेढीत चूक चिन्हाची नसते, प्रश्न वाचण्याची असते. पहिल्या महिन्यात २०० रुपये बचत, दर महिन्याला ५० ने वाढ, तर वर्षाची एकूण बचत किती? मूल n-व्या पदाचं सूत्र लावतं, 200 + 11 × 50 = 750, आणि खाली रेघ मारतं. ही झाली बाराव्या महिन्याची बचत. एकूण बचत Sₙ ने निघते: 6 × (400 + 550) = 5700 रुपये. इथे सूत्र न सांगता एवढंच विचारा, "पहिल्या तीन महिन्यांत किती जमले?" 200 + 250 + 300, म्हणजे साडेसातशे तिथेच झाले. मूल स्वतःच पेन उचलतं.

जीएसटीसाठी घरातलं बिल समोर ठेवायची कल्पना छान आहे, फक्त दोन गोष्टी सांभाळा. १८ टक्के दर असेल तर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९, दोन्हीकडे १८ नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर बदललेत, त्यामुळे बिलावरचा दर पुस्तकातल्या उदाहरणाशी जुळेलच असं नाही. परीक्षेत प्रश्नात दिलेला दरच धरायचा.

रीतीबद्दलही एक विनंती. तुमच्या वेळची तिरकस गुणाकाराची रीत तुम्हाला पक्की येत असेल, पण उजळणीच्या आठवड्यात ती शिकवू नका. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरात कृतीचे प्रश्न असतात, त्यात पायऱ्या छापलेल्या असतात आणि मधल्या चौकटी भरायच्या असतात. तिथे दुसऱ्या रीतीने उत्तर काढून उपयोग होत नाही.

रोज किती? माझ्या मते चाळीस मिनिटं आणि चार उदाहरणं पुरेत, पुस्तक बंद ठेवून. चुकलेल्या उदाहरणासमोर तारीख घाला आणि तीन दिवसांनी तेच परत द्या. गाईड त्या वेळी दुसऱ्या खोलीत राहू द्या.

आणि खोडरबर काढून घ्या. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारून खाली परत लिहायचं. शनिवारच्या तासाला मी वहीतल्या त्या रेघा मारलेल्या ओळीच आधी बघणार आहे.

आपला,
गणिताचे सर