पोथीचा पाठ जसाच्या तसा उतरवताना या चुका टाळा

पैठणला शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. घरातल्या किंवा मठातल्या एखाद्या पोथीचा पाठ जसाच्या तसा उतरवायचा तर काम याच्या उलटं असतं. त्या एका प्रतीत जे लिहिलंय, चुकलंय, खोडलंय ते सगळं जागच्या जागी दाखवायचं. 'ह्मणौनि' असेल तर 'म्हणोनि' करायचं नाही, 'मुष' असेल तर 'मुख' करायचं नाही.

सर्वात जास्त घोटाळा हरताळाशी होतो. चुकलेल्या अक्षरावर लेखनिक पिवळा हरताळ फासून वर नवं अक्षर लिहीत. नवखे फक्त वरचं 'देहा' टिपतात आणि खालचं 'देवा' कायमचं हरवतं. हरताळाचा पापुद्रा कुठे उडालाय ते पाहा, बाजूने तिरपा उजेड टाका. खालची रेघ बऱ्याचदा कळते. मग संगणकावर टीईआय या पाठ नोंदवायच्या पद्धतीच्या खुणांनी असं लिहा:

```
दे<subst><del rend="हरताळ">वा</del><add>हा</add></subst>
```

del मध्ये खोडलेलं आणि add मध्ये वर लिहिलेलं येतं, subst या दोन्हींना एकत्र बांधतं. बदल फक्त व चा ह असा आहे, तरी काना आत घेतलाय. खूण अक्षर आणि काना यांच्या मधोमध टाकली की काना एकटा पडतो आणि पडद्यावर ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळतो. खालचं काहीच वाचता आलं नाही, तर `<del>` च्या आत `<gap/>` टाका, अंदाजाने अक्षर भरू नका. आणि हरताळात आर्सेनिक असतं, तेव्हा थुंकी लावून पानं उलटू नका.

कसर लागून गेलेलं अक्षर खोडलेलं नसतं, त्याला `<del>` लावू नका. शेजारच्या ओळीत तेवढ्या जागेत किती अक्षरं बसतात ते मोजा आणि लिहा: `<gap reason="कसर" quantity="2" unit="अक्षर"/>`. ओवी पाठ असली तरी गेलेली अक्षरं तुमच्या स्मरणातली आहेत, कागदावरची नाहीत. भरायचीच असतील तर `<supplied>` मध्येच.

संदिग्ध वाचनाचं तसंच. 'घन' की 'धन' हे डोक्यावरच्या रेघेवरून ठरतं: घ ची रेघ अखंड असते, ध ची तुटलेली. शाई पसरली की हा फरकच पुसला जातो. ओवीत दोन्ही शब्द बसत असतील तर `<unclear>धन</unclear>` लिहा आणि 'घन' टिपेत द्या. शिलालेखांच्या छापील पाठात संदिग्ध अक्षराखाली टिंब देतात, ती पद्धत देवनागरीत वापरू नका. ड खालचं टिंब वाचणाऱ्याला हिंदीतला नुक्ता वाटतो आणि शोधातही तो शब्द सापडत नाही.

पडताळणी करताना एकाने मूळ पान अक्षर-अक्षर वाचावं आणि दुसऱ्याने टंकलेलं पाहावं. वाचणाऱ्याला आधी टंकलेली प्रत दाखवू नका, नाहीतर त्याच्याही डोळ्यांना 'धन'च दिसेल.