मित्राची पार्टी चुकली? मग सॉरीचा मेसेज असा टाका

पार्टी बुडवली की आपण आधी काय करतो, तर ऑफिस, ट्रॅफिक, डोकेदुखी असं भलंमोठं पुराण टाइप करतो आणि शेवटी कुठेतरी सॉरी. समोरचा दोन ओळी वाचून सोडून देतो. त्यापेक्षा पहिल्याच वाक्यात चूक कबूल करा, कारण एका ओळीत उरका (आणि खरंच सांगा, ग्रुपवर फोटो फिरतात, थाप पकडली जाते), मग थोडी स्वतःचीच खेचा आणि शेवटी भेटायचा पक्का दिवस द्या.

म्हणजे असं काहीतरी:

"अरे सॉरी यार, काल तुझ्या बर्थडेला टांग दिली. जरा पडतो म्हणून आडवा झालो ते थेट सकाळी उठलो, कुंभकर्णाने पण हात जोडले असते 🙈 फोटो बघितले, तो केक तोंडाला फासलेला फोटो मी फ्रेम करणारे. शनिवारी संध्याकाळी भेट, ट्रीट माझ्याकडून आणि शिव्या तुझ्याकडून 🎂"

फोटोचा उल्लेख मुद्दाम टाकलाय, त्याने कळतं की हा मेसेज कॉपी-पेस्ट नाही. इमोजी दोनच, आणि विनोदाच्या मागे, सॉरीला चिकटून नको, नाहीतर सॉरीच खोटं वाटतं. "भेटू कधीतरी" तर अजिबात लिहू नका, वार लिहा.

रिप्लाय नुसता "ओके" आला तर समजा राग खरा आहे, मग आणखी जोक न मारता सरळ फोन लावा.