व्हिसा इंटरव्ह्यूसाठी रजा टाकताय? या चुका टाळा

चिपळूणहून अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसासाठी मुंबईला जाणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे एकाच दिवसाची रजा. बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या सेंटरवर, इंटरव्ह्यू कॉन्सुलेटमध्ये, आणि बायोमेट्रिक आधी व्हावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा दोन दिवस जातातच. मीही आधी फक्त इंटरव्ह्यूचा दिवस टाकला होता, मग दुसरा दिवस मागायला गेलो तर साहेबांनी विचारलंच, "अजून एक कशाला?" आणि तिथे मला नको तेवढं बोलावं लागलं.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे आजारी असल्याचं लिहिणं. सिक लीव्हला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, आणि आपल्याकडे स्टेशनवर बॅग घेऊन उभं राहिलात की कोणीतरी ओळखीचं भेटतंच. शिवाय व्हिसाच्या DS-160 फॉर्ममध्ये ऑफिसचा पत्ता आणि फोन तुम्हीच भरलेला असतो, तिथून चौकशी आली तर खोटं लगेच उघडं पडतं. आणि "परदेशी जायचा प्लॅन आहे" असं तरी कशाला सांगायचं, व्हिसा अजून मिळालेलाच नाही, नाही मिळाला तर वर्षभर सगळे विचारत बसतात. खरं तेवढंच लिहा, थोडक्यात. समजा मंगळवारी बायोमेट्रिक, बुधवारी इंटरव्ह्यू:

"सर, वैयक्तिक सरकारी कागदपत्रांच्या कामासाठी मुंबईला प्रत्यक्ष हजर राहावं लागणार आहे, म्हणून मंगळवार-बुधवार दोन दिवस रजा हवी आहे. बुधवारी सकाळी माझा फोन बंद असेल. डिस्पॅचचं काम सहकाऱ्याला समजावून ठेवतो. गुरुवारी हजर होईन."

फोनचं वाक्य मुद्दाम घातलंय, कॉन्सुलेटमध्ये मोबाईल नेता येत नाही आणि साहेबांचे चार मिस्ड कॉल पडले की मग खुलासे सुरू होतात. कोणी खोदून विचारलंच तर "कागदपत्रांचं आहे, झालं की सांगतो" एवढंच, नवीन गोष्ट रचायची नाही.

पण सरकारी नोकरीत किंवा झेडपीच्या शाळेत असाल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, परदेश प्रवासाला खात्याची परवानगी लागते, तिथे आधीच रीतसर अर्ज द्या. खाजगीतसुद्धा शेंगेनसारख्या व्हिसाला ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र लागतं, मग एचआरला खरं सांगावंच लागेल, फक्त त्यांनी बाकीच्यांना सांगू नये अशी विनंती करा.

परतीच्या तिकिटातही घोळ होतो. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारानंतर सुटते, म्हणून बुधवारी रात्री निघायचं तर तिकीट गुरुवारच्या तारखेचं काढायचं. बुधवारचं काढलंत तर ती गाडी तुमच्या इंटरव्ह्यूच्या आधीच गेलेली असते, आणि पावसाळ्यात तर गाड्या हळू चालतात, त्यामुळे गुरुवारचा अर्धा दिवसही मागून ठेवलेला बरा.