पेरणीचं वेळापत्रक आखताना मी काढणीपासून मागे मोजतो

नवीन शेतकरी कॅलेंडर हाती घेतो आणि आधी पेरणीची तारीख लिहितो. माझ्या मते तारीख आधी काढणीची धरावी, कारण पेरणी पावसाच्या हाती असते, पण वाण निवडणं आपल्या हाती असतं.

सोयाबीननंतर कोरडवाहू हरभरा, एवढंच उदाहरण घेऊ. हरभरा ओलीवर उगवून यायचा, तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो जमिनीत पडला पाहिजे. त्याआधी सोयाबीन कापणं, वाळवणं, मळणी आणि रान तयार करणं यात दहा-बारा दिवस सहज जातात, मजूर वेळेवर मिळाले तर. म्हणजे सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कापणीला यायला हवं. जेएस ३३५ या वाणाला साधारण ९५ ते १०० दिवस लागतात. मागे मोजलं की पेरणी २० जूनच्या आसपास येते.

पण ही तारीख पावसानं मान्य केली पाहिजे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय मी तिफण काढत नाही. एका जोरदार सरीनं वरची माती भिजते, बी उगवतं आणि मग पावसानं ताण दिला की रोपं माना टाकतात. टिकावानं वीतभर खणून पाहावं, खाली कोरडं लागलं तर थांबावं. ओल पुरली की वाफसा पाहायचा: मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून मोकळा झाला तर पेरा. चिकटून तसाच राहिला तर रान अजून ओलं आहे.

समजा, असा पाऊस ८ जुलैला झाला. तेच वाण पेरलं तर कापणी १३ ऑक्टोबरच्या आसपास जाते, हरभरा २५ तारखेवर सरकतो आणि तोवर वरची ओल उडालेली असते. इथे जेएस ९३-०५ सारखं नव्वद-पंचाण्णव दिवसांचं वाण घेतलं की पाचेक दिवस तरी वाचतात. विहिरीचं एखादं पाणी देता येत असेल तर घाई नको, नेहमीचंच वाण चालेल. जुलैचा मध्य उलटला की मात्र सोयाबीनचा विचार सोडून तूर किंवा बाजरीकडे वळलेलं बरं.

कमी दिवसांच्या वाणाची एक खोड आहे. लवकर पेरलं तर ते पाऊस उघडण्याआधीच पिकतं, आणि पिकलेल्या शेंगांवर पाऊस झाला की दाणे शेंगेतच मोड धरतात. म्हणून २० जूनच्या पेरणीलाही मी सगळं रान एकाच वाणाखाली घालत नाही. अर्ध्यात लवकरचं, अर्ध्यात शंभर दिवसांचं. कापणी विभागली जाते आणि घरच्या चार माणसांवर निभावतं.