एक लिटरच्या बंद डब्याला कमीत कमी पत्रा किती लागतो, ते कसे काढावे

एक लिटर तेल मावेल असा गोल, बंद डबा करायचा आहे. वर झाकण, खाली तळ आणि मधे गुंडाळलेला पत्रा. त्रिज्या ३ सेंमी घेतली तर डबा ३५ सेंमीपेक्षा उंच होतो आणि सुमारे ७२३ चौ. सेंमी पत्रा खातो. त्रिज्या १० सेंमी घेतली तर उंची जेमतेम ३.२ सेंमी राहते, पण पत्रा ८२८ चौ. सेंमी लागतो. दोन्हींत तेल तेवढेच. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सगळ्यांत काटकसरीचा डबा आहे, तो शोधायचा आहे. पत्र्याची जाडी आणि जोडावरचा दुमड तूर्त सोडून देऊ.

आधी उंचीला रजा द्या

बंद वृत्तचितीचे एकूण पृष्ठफळ `S = 2πr² + 2πrh`. पहिले पद झाकण आणि तळाचे, दुसरे बाजूच्या पत्र्याचे. इथे r आणि h अशी दोन चले दिसतात, पण ती एकमेकांपासून मोकळी नाहीत, कारण घनफळ `V = πr²h` ठरलेले आहे. म्हणून `h = V/(πr²)`. ही किंमत S मध्ये घातली की

`S(r) = 2πr² + 2V/r = (2πr³ + 2V)/r`

उजवीकडे वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी: त्रिज्येचे परिमेय फलन. आता सगळा प्रश्न एकट्या r चा झाला.

विद्यार्थी सर्वाधिक घसरतात ते याच पायरीवर. h तसाच ठेवून, त्याला स्थिरांक मानून अवकलन केले, तर `4πr + 2πh = 0` असे समीकरण येते आणि त्रिज्या ऋण निघते. ऋण त्रिज्या दिसली की पुढे रेटू नका, मागे येऊन h काढून टाका. दुसरी घसरण एककांची. एक लिटर म्हणजे १००० घन सेंमी; V = 1 ठेवून त्रिज्या सेंटिमीटरमध्ये वाचली तर डबा अंगठ्याएवढाही होणार नाही.

आलेख कसा वळतो ते पाहा

अवकलन करण्याआधी फलनाचा स्वभाव ओळखला तर पुढचे उत्तर तपासायला सोपे जाते. r शून्याच्या जवळ गेला की 2V/r हे पद अफाट वाढते, म्हणजे डबा नळीसारखा होतो आणि बाजूचा पत्रा संपतच नाही. r मोठा झाला की 2V/r जवळजवळ नाहीसे होते, वक्र 2πr² या अन्वस्ताला बिलगतो आणि सगळा पत्रा झाकण-तळात जातो. दोन्ही टोकांना आलेख वर जातो, तेव्हा मधे तळ असणारच. r ऋण असतानाही या सूत्राचा आलेख निघतो, पण त्याचा डब्याशी संबंध नाही. आपल्याला फक्त r > 0 हवे.

अवकलज शून्य करा

बेरजेचे रूप वापरले तर काम दोन ओळींत होते:

`S′(r) = 4πr − 2V/r² = (4πr³ − 2V)/r²`

भागाकाराच्या नियमानेही हेच येते, फक्त कागद जास्त लागतो. 2V/r च्या अवकलजाचे चिन्ह वजा आहे, ते विसरले तर S′ कधीच शून्य होत नाही. अपूर्णांक शून्य व्हायचा तर अंश शून्य हवा:

`4πr³ = 2V`, म्हणून `r = ∛(V/2π)`

V = 1000 घातल्यावर r ≈ ५.४२ सेंमी, h ≈ १०.८४ सेंमी आणि S ≈ ५५४ चौ. सेंमी. उंची त्रिज्येच्या बरोबर दुप्पट आली, आणि हा योगायोग नाही. `V = 2πr³` आणि `V = πr²h` यांची बरोबरी केली की `h = 2r` मिळते, घनफळ काहीही असो. म्हणजे समोरून पाहिल्यास डबा चौरस दिसतो. तुमच्या उत्तरात h = 2r येत नसेल तर चूक कुठेतरी आहेच. h = r आले असेल तर बहुधा झाकण मोजायचे राहिले: उघड्या डब्याचे उत्तर तेच असते.

हा बिंदू किमानच आहे, कमाल नाही, याची खात्री `S″ = 4π + 4V/r³` वरून होते. r > 0 असताना ते नेहमी धन असते, म्हणून वक्राला एकच तळ आहे.

अवकलन शिकलेले नसेल तरी वाट आहे. S चे तीन तुकडे करा: 2πr², V/r आणि V/r. त्यांचा गुणाकार 2πV², यात r उरतच नाही. गुणाकार कायम असलेल्या तीन धन संख्यांची बेरीज, त्या समान असताना सर्वांत कमी असते. `2πr² = V/r` ठेवले की तीच त्रिज्या हाती येते. मला हीच रीत अधिक देखणी वाटते.

उत्तर थोडे हुकले तर?

त्रिज्या ५.४२ ऐवजी ६ घेतली तर पत्रा ५६० चौ. सेंमी लागतो, जेमतेम एक टक्का जास्त. किमान बिंदूपाशी वक्र सपाट असतो त्याचा हा परिणाम: त्रिज्या दहा टक्के चुकली तरी नुकसान साधारण एक टक्का. केप्लरने १६१५ साली दारूच्या पिंपांच्या आकारमानांवर लिहिताना कमाल बिंदूबाबत हेच नोंदवले होते की त्याच्या आसपास फरक नगण्य असतो. म्हणून कारखानदार आकार ठरवताना सोयीकडे बघू शकतो.

मग बाजारातले डबे चौरस का दिसत नाहीत?

कारण झाकणाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकाच भावात पडत नाही. झाकणाचा दर चौरस सेंटिमीटर खर्च बाजूच्या k पट असेल तर

`S(r) = 2πk·r² + 2V/r`

तीच कृती पुन्हा केली की `h = 2kr` येते. म्हणजे उंची भागिले व्यास बरोबर k.

चौरस पत्र्यातून गोल झाकण कापले आणि कोपरे वाया गेले, तर πr² च्या झाकणासाठी 4r² पत्रा मोजावा लागतो. तेव्हा k = 4/π, सुमारे १.२७. आपल्या एक लिटरच्या डब्यासाठी `r³ = V/8 = 125`, म्हणून त्रिज्या नेमकी ५ सेंमी आणि उंची १२.७ सेंमी. कोपरे भंगारात विकून पैसे सुटत असतील तर k त्याहून कमी धरा.

शीतपेयाचा ३३० मिलीचा नेहमीचा कॅन सुमारे ६६ मिमी व्यासाचा आणि ११५ मिमी उंच असतो, म्हणजे गुणोत्तर १.७ च्या पुढे. त्याचे झाकण बाजूच्या पातळ भिंतीपेक्षा बरेच जाड असते, त्यामुळे k मोठा असणे स्वाभाविक आहे. मात्र १.७ हा आकडा सगळाच्या सगळा जाडीतून आला असे म्हणता येणार नाही. त्या कॅनचा गळा निमुळता असतो, तळ आत वळलेला असतो आणि तो एका हातात धरता यावा लागतो. यातले काहीही आपल्या सूत्रात नाही.