नाणी-फाशांच्या तासाआधी काय काय हाताशी हवं

संभाव्यता हे प्रकरण दहावीच्या बीजगणितात येतं, पण मी त्याचा पाया नववीत सांख्यिकी शिकवतानाच घालतो. तेव्हा ताळ्याच्या खुणा आणि वारंवारता सारणी पोरांच्या हातात ताजी असते. दोन तास जोडून मिळतील असा दिवस आधी मागून घ्यायचा. कापूस वेचणीचे दिवस टाळायचे, कारण निम्मा वर्ग वावरात असतो आणि या तासाला डोकी जास्त लागतात. मुख्याध्यापकांच्या कानावरही आधीच घालून ठेवायचं. वर्गात फासे खुळखुळले की बाहेरून जाणाऱ्याला जुगारच वाटतो.

चाळीस पोरं म्हणजे वीस जोड्या, म्हणून वीस नाणी. ती एकाच किमतीची नसली तरी चालतात, पण छापा कशाला म्हणायचं ते आधी फळ्यावर लिहायचं: सिंहांची बाजू छापा, आकड्याची बाजू काटा. हे राहिलं की दहाव्या मिनिटाला भांडण ठरलेलं. फरशीवर नाणं घरंगळत बाकाखाली जातं आणि शोधताना पालथं होतं, म्हणून जोडीला एक याप्रमाणे जुन्या पोत्याचे तुकडे कापून न्यायचे. तुकड्याबाहेर पडलेली फेक मोजायची नाही. जोडीतला एक फेकेल, दुसरा लिहील आणि दहा फेकांनंतर अदलाबदल.

खरी मेहनत नोंदीच्या कागदावर घ्यायची. पहिल्या वर्षी मी नुसत्या ताळ्याच्या खुणा करून घेतल्या आणि फसलो. बऱ्याच जोड्यांचं उत्तर बरोबर दहा-दहा आलं; नाणं न फेकताच कागद भरले होते, आणि खुणांवरून ते पकडता येईना. आता कागदावर वीस चौकटी आखतो आणि प्रत्येकीत क्रमानेच ‘छा’ किंवा ‘का’ लिहायला लावतो. वीस फेकांत एकच बाजू सलग चार किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता सुमारे 77 टक्के असते. घरी बसून भरणारा पोरगा मात्र सलग तीन छापे लिहितानाही बिचकतो. एका जोडीच्या कागदात अशी रांग नसली म्हणून चोरी ठरत नाही, पण वीसपैकी पंधराएक कागदांत ती दिसायला हवी.

मोठा तक्ता फळ्यावर आधीच आखून ठेवायचा: जोडी क्रमांक, जोडीचे छापे, आतापर्यंतच्या एकूण फेका, एकूण छापे, टक्केवारी आणि शेवटी ‘निम्म्यापेक्षा किती जास्त-कमी’. हा शेवटचा रकाना विसरायचा नाही, सगळा धडा त्यातच आहे. गेल्या वर्षी पहिल्या जोडीला 20 पैकी 13 छापे आले, म्हणजे 65 टक्के, निम्म्यापेक्षा 3 जास्त. पाच जोड्यांनंतर 100 पैकी 54. दहा जोड्यांनंतर 200 पैकी 106, म्हणजे 53 टक्के. शेवटी 400 पैकी 208, म्हणजे 52 टक्के. टक्केवारी पन्नासकडे सरकली, पण शेवटच्या रकान्यात 3, 4, 6, 8 असा आकडा वाढतच गेला. पोरांना वाटतं की आधी छापे जास्त पडले तर पुढे काटे पडून नाणं हिशोब चुकता करतं. तसं काही होत नाही. नाण्याला मागचं आठवत नाही. वाढलेले 8 छापे 400 फेकांत पातळ होतात, एवढंच. दरवर्षी हा रकाना असाच वाढत जाईल असं मात्र नाही, कधी तो शून्यावरही येतो. तसं झालं तर दाखवायला गेल्या वर्षीचे आकडे वहीत असू द्यावेत.

एखाद्या जोडीला 6 किंवा 14 छापे आले तर घाबरायचं नाही, पुन्हा फेकायलाही लावायचं नाही. वीस फेकांत सहा ते चौदा हे रोजचंच. चारशेत मात्र 180 ते 220 च्या बाहेर गेलं तर बेरीज आधी तपासायची.

फाशांसाठी दुसरा तास. लुडोचे फासे पोरंच घरून आणतात, तरी आठवडी बाजारातून चार-सहा जास्तीचे आणायचे. जोडीला 30 फेका पुरतात. त्यात प्रत्येक आकडा पाच वेळा यावा असं पोरं धरून चालतात आणि कुणाचा सहा दोनदाच पडतो, कुणाचा आठदा. सगळ्या जोड्यांच्या मिळून 600 फेका झाल्या की प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास दिसतो. एखादा जुना, कोपरे झिजलेला फासा मुद्दाम वेगळा ठेवायचा. त्याच्या फेका या बेरजेत घ्यायच्या नाहीत. त्यावर शंका असेल तर तीस फेकांत काही ठरत नाही, तो दोन-तीन पोरांकडे आठवडाभर देऊन त्यांच्याकडून सहाशे फेका करून घ्यायच्या.

घंटा होण्याआधी पाच मिनिटं राखून नाणी मोजून परत घ्यायची, वीसची वीस. आणि फळा पुसण्याआधी तक्ता कार्डशीटवर उतरवायला कुणाला तरी बसवायचं, तो दहावीत लागतो.