फॉर्म्युलरी समितीच्या बैठकीआधी: एपिक्साबॅनच्या अर्जाची तयारी

रुग्णालयाच्या औषधयादीत, म्हणजे फॉर्म्युलरीत, नवं औषध घ्यायचं की नाही हे ही समिती ठरवते. एपिक्साबॅन आणि वॉरफरिन ही दोन्ही रक्तात गुठळी होऊ न देणारी औषधं. सुरुवात अर्जापासून करा. ‘एपिक्साबॅन यादीत घ्यावे, वॉरफरिनपेक्षा चांगले आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज बैठकीत न नेता परत पाठवा. औषध कोणत्या रुग्णांसाठी हवं, कशाच्या जागी आणि वर्षाला साधारण किती जणांना लागेल, हे त्यात आलंच पाहिजे. आपल्या उदाहरणात एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराचे, २०० रुग्ण धरू. अर्जदार डॉक्टर आणि समितीचे सगळे सदस्य यांच्याकडून कंपनीशी आर्थिक संबंध आहेत की नाहीत, हेही आधीच लेखी घ्या. ऐन बैठकीत विचारलं की तो आरोप वाटतो.

पुराव्यासाठी कंपनीचं माहितीपत्रक बाजूला ठेवून मूळ शोधनिबंध काढा. इथे तो २०११ सालचा ॲरिस्टॉटल अभ्यास: १८,२०१ रुग्ण, तुलना थेट वॉरफरिनशी. स्ट्रोक किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटलं, हे वाक्य खरंच आहे, पण त्यावरून निर्णय घेता येत नाही. तेच आकडे हजार रुग्णांच्या हिशोबात मांडा: वर्षभरात वॉरफरिनवर अशा १६ घटना, एपिक्साबॅनवर सुमारे १३. मोठा रक्तस्राव मात्र ३१ जणांऐवजी २१ जणांना. म्हणजे संख्येने पाहिलं तर मोठा फायदा रक्तस्राव टळण्यात आहे, आणि समितीसमोर तो त्याच शब्दांत यायला हवा.

अभ्यासातल्या वॉरफरिनच्या रुग्णांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, मध्यक हिशोबाने ६६ टक्के काळ हव्या असलेल्या २ ते ३ च्या दरम्यान होता. आपल्या क्लिनिकच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदींतून हाच आकडा काढून आणा. तो फार कमी निघाला तर नव्या गोळीइतकंच क्लिनिक सुधारण्यावरही बोलावं लागेल.

अभ्यासात कोण नव्हतं, हेही टिपून ठेवा. यांत्रिक हृदयझडपेचे आणि मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झालेले रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. त्यांच्यासाठी वॉरफरिन यादीत राहणारच. त्यामुळे ‘बदली’ हा अर्जातला शब्द खोडून ‘भर’ लिहा.

सुरक्षिततेसाठी दुष्परिणामांची लांबलचक यादी नको. आपल्या वॉर्डात चूक नेमकी कुठे होईल, ते शोधा. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, या तिन्हींपैकी कुठल्याही दोन गोष्टी असतील तर २.५. समजा, ८२ वर्षांच्या आजी आहेत, वजन ५४ किलो, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर लाल खूण नाही म्हणून घाईत ५ लिहिलं जातं, प्रत्यक्षात हवा २.५. उलट चूकही तितकीच होते: नुसतं वय पाहून डोस निम्मा केला जातो आणि संरक्षण कमी पडतं. म्हणून वजन भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जाणार नाही, अशी सोय संगणकावर होईल का ते आधी विचारून या. दुसरा धोका म्हणजे दोन्ही गोळ्या एकदम चालू राहणं. वॉरफरिन थांबवून आयएनआर २ च्या खाली आल्यावरच एपिक्साबॅन सुरू करायचं असतं. अपघात विभागालाही विचारा, कारण इथे व्हिटॅमिन के देऊन परिणाम उलटवता येत नाही. मग रात्री दोन वाजता काय द्यायचं आणि ते साठ्यात आहे का?

खर्चाच्या तक्त्यात गोळीच्या किमतीशेजारी आयएनआर तपासण्या, क्लिनिकच्या फेऱ्या आणि रक्तस्रावासाठीची भरती मांडा. २०० रुग्णांमागे वर्षाला साधारण दोन मोठे रक्तस्राव टळतील, स्ट्रोक किंवा गुठळी एकाहून कमी. वाढीव खर्चाला याच आकड्यांनी भागायचं आहे. औषधसाठ्याचा खर्च वाढतो आणि बचत प्रयोगशाळेत दिसते, म्हणून लेखा विभागाचा माणूस बैठकीला हवाच.

मला सर्वात जास्त काळजी डिस्चार्जनंतरची वाटते. रुग्णालयाला गोळी सवलतीत मिळते, रुग्णाला बाहेर पूर्ण किंमत पडते. परवडलं नाही की तो एक वेळचा डोस गाळतो. हिचं अर्धायुष्य सुमारे १२ तासांचंच असल्याने संरक्षण लगेच ओसरतं आणि सांगायला आयएनआरही नसतो. म्हणून बाहेरची किंमत तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा.

ठरावाचा मसुदा लिहूनच न्या: या गटातलं एकच औषध, ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या रुग्णांनाच, आणि १२ महिन्यांनी फेरआढावा. त्या दिवशी डोस निकषाप्रमाणे होता का, दोन्ही गोळ्या किती जणांना एकदम गेल्या आणि किती जणांनी औषध मध्येच सोडलं, हे तीन आकडे कोण आणणार, त्यांचं नाव ठरावातच लिहा.